मिस्त्रींचा पगार किती धरायचा

शेठनी किंमत विचारली तेव्हा बाबा फ्लाय प्रेस चालवत होते. लोखंडी दांडा हाताने फिरवायचा, वरचं वजन खाली येतं, डायखाली, म्हणजे कापायच्या साच्याखाली, ठेवलेल्या रबराच्या किंवा फायबरच्या शीटमधून गोल चकती कापली जाते. या चकतीला गॅस्केट म्हणतात. दोन पाइप जिथे जोडतात तिथे ती मधे बसते, म्हणजे वाफ किंवा ॲसिड बाहेर येत नाही. शिरवण्याच्या एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात माझे आईवडील पंचवीस वर्षं या चकत्या कापत होते, आणि माझं सगळं शिक्षण त्यांतूनच निघालं.

शेठ तळोज्याचे. त्यांचा स्वतःचा कारखाना आमच्या दहापट मोठा. त्यांच्याकडे हजारांनी माल निघतो, पण एखाद्या केमिकल प्लांटची लाइन फुटली आणि सहाच नग संध्याकाळपर्यंत हवे असले, तर ते काम त्यांच्याच्याने होत नसे. असली कामं बाबांकडे येत. शेठना ही गिऱ्हाइकं हवी होती. त्यांनी चहा घेतला, भिंतीवर टांगलेल्या डाय बघितल्या आणि विचारलं, मिस्त्री, हे सगळं द्यायचं झालं तर काय घ्याल?

बाबांनी दांडा थांबवला नाही. म्हणाले, "मुलीला विचारून सांगतो. ती बँकेत कर्जाच्या फायली बघते."

मी वाशीला एका सहकारी बँकेत आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बाबा सातवी, आई चौथी. माझा पदवीचा फोटो गाळ्यात गणपतीच्या शेजारी लावलेला होता, आणि माल घ्यायला आलेला प्रत्येक ड्रायव्हर तो बघून जायचा. त्यामुळे बाबांनी ते काम माझ्यावर टाकलं यात मला नवल वाटलं नाही. बरंच वाटलं.

विकण्याचं कारण बाबांचा उजवा खांदा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा दांडा अजून वर्षभर फिरवलात तर हात वर जायचा नाही. धाकटा भाऊ हॉटेलच्या लाइनमध्ये गेलेला, तो गाळ्यात येणार नव्हता. मीही नव्हते येणार. बाबांचा हिशेब सरळ होता: धंदा विकून एवढे पैसे यावेत की बँकेच्या व्याजावर दोघांचं घर चालावं. आकडाही त्यांनी ठरवून टाकला होता. ऐंशी लाख.

हा आकडा कुठून आला ते मी विचारलं. पलीकडच्या गल्लीतल्या पावडर कोटिंगवाल्याचा धंदा ऐंशीला गेला होता. मी म्हटलं, बाबा, त्याचा प्लॉट त्याच्या नावावर होता, एमआयडीसीची लांब मुदतीची लीज होती, ऐंशीतले साठ तिचेच असतील. आपला गाळा भाड्याचा. मालकाने उद्या काढलं तर आपल्याला सामान टेम्पोत भरावं लागेल. गाळ्याची किंमत आपण कशी लावणार?

मग त्यांनी दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला. तीन प्रेस, एक कटर, भिंतीवरच्या डाय, शीटचा साठा, आणि शेवटी "नाव". प्रत्येक गोष्टीपुढे त्यांनी ती घेतली तेव्हाची रक्कम धरली होती, आणि नावापुढे वीस लाख. डायच्या बाबतीत मी त्यांना थांबवलं. आमच्या धंद्यात नवीन मापाची डाय करायची तर गिऱ्हाईक अर्धे पैसे देतं, अर्धे आम्ही घालतो, आणि डाय आमच्या भिंतीवर राहते. कागदावर काही नसतं. गिऱ्हाइकाला पुन्हा तेच माप हवं असेल तर ते आमच्याकडेच येतं, एवढाच त्यातला करार. म्हणजे भिंतीवरचं निम्मं लोखंड दुसऱ्याच्या पैशाचं होतं. बाबा म्हणाले, पंचवीस वर्षांत कुणी मागितली नाही एकपण डाय. मी म्हटलं, पंचवीस वर्षांत तुम्ही विकायलाही काढलं नव्हतं.

बँकेत अशी दुकानं आणि कारखाने तारण म्हणून रोज येतात, त्यामुळे पद्धत मला माहीत होती. छोट्या धंद्याची किंमत त्यात काय पडलंय यावर ठरत नाही. तो घेणाऱ्याच्या हातात वर्षाला काय ठेवेल यावर ठरते. त्या कमाईच्या दोन ते तीन पट, गिऱ्हाइकं किती पक्की आहेत ते बघून. मशिनं आणि डाय त्यातच आल्या, कारण त्यांच्याशिवाय ती कमाई होतच नाही. रिक्षा विकताना आपण चाकांचे पैसे वेगळे लावत नाही. वेगळा लावायचा तो फक्त शीटचा साठा, ज्या दिवशी ताबा देऊ त्या दिवशी मोजून, खरेदीच्या भावाने. आणि गिऱ्हाइकांकडून यायची जुनी बिलं आमची आम्ही वसूल करायची. मशिनं जुन्या बाजारात विकली तर चार-पाच लाख आले असते. कमाईवरून काढलेली किंमत त्याच्याही खाली आली तर धंदा विकण्यात अर्थ नाही, तो मोडूनच टाकावा.

मग घरी मी तीन वर्षांचे रिटर्न घेऊन बसले. सरासरी तेरा लाख नफा. त्यात काही घरचे खर्च धंद्यावर टाकलेले होते, आईच्या पॉलिसीचा हप्ता, माझ्या लग्नात घेतलेला फ्रिज, भावाच्या बाइकचं पेट्रोल. घेणाऱ्याला हे करावे लागणार नव्हते, म्हणून ते नफ्यात परत घातले. झाले चौदा. इथपर्यंत बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते आणि खूश होते.

पुढच्या ओळीत मी लिहिलं, मिस्त्रीचा पगार, महिना चाळीस हजार, वजा.

बाबा म्हणाले, हे काय?

मी समजावलं. धंदा एकट्या मालकाच्या नावावर असला की मालकाचा पगार खर्चात दिसत नाही. तो घरी नेतो तो नफा. पण शेठ काही स्वतः येऊन दांडा फिरवणार नाहीत. माप घेणारा, प्लांटवाल्यांचे फोन घेणारा, शीट ओळखणारा माणूस त्यांना ठेवावा लागेल. त्याचा पगार जाऊन उरेल तो खरा नफा.

"अगं पण मला चाळीस हजाराला कोण ठेवतंय?"

"तुम्हाला नाही बाबा. तुमच्या जागी जो येईल त्याला."

"बारा हजारात पोरं मिळतात बाहेर."

"बारा हजारात पोरगं मिळतं. त्याला तळोज्याच्या प्लांटचा स्टोअरवाला फोन करून 'ते मागच्या वेळचं द्या' म्हणाला तर ते काय देईल?"

पण त्याच्या पुढच्या ओळीने खरा घोळ झाला. मी आईचा पगार धरला, महिना पंधरा हजार. आई रोज जेवण आटोपून गाळ्यात येत असे. कापलेल्या गॅस्केटच्या कडा साफ करणं, माप तपासणं, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधून मापाची चिठ्ठी लावणं, हे सगळं तिच्याकडे. बाबांना ते काम वाटत नव्हतं. आई येऊन बसते, अशी त्यांची बोलायची पद्धत होती.

"तुझ्या आईला कशाला पगार लावतेस? ती घरची आहे."

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने तिथूनच विचारलं, "किती लावलाय गं?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "कधीपासूनचा?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर चौदाचे सात लाख चाळीस हजार झाले होते, आणि त्याची अडीच पट म्हणजे साडेअठरा लाख. निम्मं काम दोनच प्लांटचं होतं आणि तेही बाबांच्या ओळखीवर, त्यामुळे तीन पट मागण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांनी ऐंशीचं स्वप्न बघितलं होतं आणि मी त्यांना साडेअठरा दाखवत होते. मला वाईट वाटलं, पण आकडे बदलायला मी तयार नव्हते. बँकेत मी लोकांना हेच सांगते आणि लोक माझ्यावर चिडतात, याची मला सवय होती. घरातल्या माणसाचं चिडणं वेगळं असतं.

रविवारी सकाळी बाबांनी माझा छापील कागद घेतला आणि पेनने दोन आकडे खोडले. मिस्त्रीचा पगार बारा हजार केला. आईच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग स्वतः गुणाकार करून खाली लिहिलं, एकतीस लाख चाळीस हजार. मी म्हटलं, बाबा, शेठ धंदेवाले आहेत, त्यांना कळणार नाही का? ते म्हणाले, धंदा माझा आहे. मग मी तो कागद तसाच राहू दिला. धंदा खरंच त्यांचा होता.

शेठ पुढच्या आठवड्यात आले ते दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर. मी बँकेतून अर्धा दिवस रजा काढली होती. गाळ्यात खुर्च्या दोनच, म्हणून मी शीटच्या थप्पीवर बसले. आई तिच्या नेहमीच्या जागी, खाली पोत्यावर, समोर गॅस्केटचा ढीग. शेठनी चष्मा लावून कागद वाचला. खोडलेल्या आकड्यांवर त्यांचं बोट थोडं थांबलं, मग पुढे गेलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"मिस्त्री, तुमचा कागद मला मंजूर आहे. एकतीस."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. जिंकलेल्या माणसाने बघावं तसंच. मला मात्र ते खटकलं, कारण असा धंदेवाला एका दमात हो म्हणत नाही.

शेठ पुढे म्हणाले की अट एकच. तुम्ही दोघांनी तीन वर्षं इथेच काम करायचं. तुमचा पगार तुम्हीच लिहिलाय, बारा हजार, तो मी देतो. वहिनींचं तुम्ही काही लावलं नाही, म्हणजे त्या अशाच येणार असं मी धरतो. पैसे तीन हप्त्यांत, वर्षाला एक. मधेच सोडलंत तर पुढचे हप्ते नाहीत.

ते रागाने बोलत नव्हते, टोमणाही मारत नव्हते. कागदावर होतं तेच वाचून दाखवत होते. मी थप्पीवर बसल्या बसल्या मोबाइलवर हिशेब केला. पगार कमी लिहून बाबांनी किंमत तेरा लाखांनी फुगवली होती. त्याच पगारावर दोघांनी तीन वर्षं राबायचं म्हणजे साडेपंधरा लाखांची मजुरी सोडायची. आणि बाबांच्या खांद्याची तीन वर्षं शिल्लक नव्हती. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे एकही नव्हतं.

मी हे बोलणार तेवढ्यात आईने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"शेठ, मी नाय येणार."

बाबा म्हणाले, तू थांब गं.

"थांबू कशाला? घरचं होतं म्हणून बसले. उद्या तुमचं झालं की तुमी बाई ठेवा." आणि सुतळीचा तुकडा दाताने तोडून ती पुढे म्हणाली, "दोन ठेवाव्या लागतील. एकीच्यानं व्हायचं नाय."

शेठ हसले. बाबांनी कपाळाला हात लावला, कारण मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं: दोन बाया म्हणजे किमतीतून नऊ लाख गेले. महिन्याला एक हजार पगार वाढला की किंमत तीस हजारांनी उतरते, हे मी त्यांना घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते मनातल्या मनात करत होते.

मग बाबांनी स्वतःहून शेठकडे हात पुढे केला आणि कागद परत मागितला. खिशातलं पेन काढलं. बारा खोडून चाळीस लिहिले. "मुलीने हेच लिहिलं होतं," म्हणाले. आईच्या ओळीत दोन बाया, तीस हजार. त्यांचा हात दुखत होता म्हणून अक्षर तिरकं आलं.

शेठ म्हणाले, "चाळीस नाही मिस्त्री. तुमच्यासारखा माणूस मला पंचेचाळिसाला पण मिळायचा नाही. पंचेचाळीस लावा."

माझ्या वडिलांना आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. मग लगेच उतरला, कारण पाच हजार वाढले म्हणजे किमतीतून दीड लाख गेले.

"छे, छे. चाळीस पुष्कळ झाले."

"अहो, तुम्ही शीटला नुसता हात लावून सांगता कुठली कंपनी आहे ते. पंचेचाळीस."

"ते काय कोणीपण सांगतं."

"वेळी-अवेळी फोन घेता."

"नाही घेत सगळे. कधीकधी वाजू देतो."

अशी घासाघीस मी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. घेणारा विकणाऱ्याची तारीफ करत होता आणि विकणारा ती खोडून काढत होता. बाबांनी स्वतःच्या दोन-तीन चुकाही सांगितल्या, एकदा माप उलटं ऐकलं होतं ते, एकदा माल दुसऱ्याच प्लांटला गेला होता ते. आई पोत्यावर बसून ऐकत होती. एकदा ती मधे म्हणाली की तो माल गेला तेव्हा मी सांगितलं होतं चिठ्ठी बघा म्हणून, तर बाबा म्हणाले, "बघा, म्हणजे माझं चुकतंच." शेठना खोकला येईपर्यंत हसू आलं.

शेवटी चाळीसवर थांबले. दोन बाया कायम राहिल्या, आई त्यातून एक कमी करायला तयार झाली नाही. उरले पाच लाख साठ हजार, त्याची अडीच पट चौदा लाख. बाबांनी सोळा मागितले, शेठनी पंधरा म्हटलं, आणि मी मान हलवली. शीटचा साठा वेगळा, मोजून. जुनी बिलं आमची. गाळ्याच्या मालकाकडून नव्या भाडेकराराचं पत्र शेठनी स्वतः आणायचं, ते मिळाल्याशिवाय व्यवहार नाही. आणि डायबद्दल बाबांनीच सांगून टाकलं की निम्मे पैसे गिऱ्हाइकांचे आहेत, कुणी मागायला आलं तर तुम्ही आणि ते बघून घ्या. शेठ म्हणाले, आमच्याकडेपण तसंच आहे.

पंधरा लाखांच्या व्याजावर घर चालत नाही, हे मी तिथेच सांगितलं. मला वाटलं बाबा मागे फिरतील. त्यांनी वेगळंच विचारलं. त्यांनी शेठना विचारलं की चाळीस हजार हा माझ्याच कामाचा पगार आहे ना, मग तुम्ही दुसरा माणूस शोधण्यापेक्षा मीच येतो. तीन नाही, दीड वर्षं. पण प्रेसला हात लावणार नाही.

शेठनी थोडा विचार केला. त्यांच्याकडे तळोज्याला एक हायड्रॉलिक प्रेस पडून होती, बटणावर चालणारी. ती आणतो म्हणाले. तेवढ्या काळात तुमच्या हाताखाली कुणाला तरी तयार करा. पंधरा लाख एकरकमी, पगार महिन्याच्या महिन्याला. हातावर हात मारायला बाबांनी डावा हात पुढे केला.

घरी येताना रिक्षात मी त्यांना विचारलं की तुम्हाला फसल्यासारखं वाटतंय का. ऐंशी म्हणत होतात, पंधरावर आलात. ते म्हणाले की पंचवीस वर्षं मी समजत होतो गाळा मला पोसतोय. आई म्हणाली, मला तर कुणी विचारलंच नव्हतं. मग ती भावाच्या शिफ्टबद्दल बोलायला लागली.

आता बाबा सकाळी नऊला जातात आणि सहाला येतात. आधी ते आठला जायचे आणि यायची वेळ नसायची. दर महिन्याला चाळीस हजार खात्यात येतात. मालक असताना ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम त्यांच्या हातात कधी आली नव्हती, कारण शीटचे पैसे आधी द्यायचे असायचे. पहिल्या पगाराचा मेसेज त्यांनी मला दाखवायला आणला आणि वाचून होईपर्यंत फोन धरून उभे राहिले.

यंदा त्यांचं रिटर्न मीच भरलं. पगाराच्या रकान्यात आकडा टाकताना ते शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, नफ्याच्या जागी काय लिहितेस. मी म्हटलं, काही नाही, नफा आता शेठचा.

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सुटतात का गं त्याला साडेपाच लाख?"

मी म्हटलं, मला कसं कळणार, त्यांचा हिशेब त्यांच्याकडे.

"विचारतो मी उद्या," म्हणाले. "कमी पडत असतील तर दुसरी बाई बंद करा म्हणून सांगतो. पण तुझ्या आईला नको सांगू."